गुऱ्हाळाचा हंगाम आणि एक आडवे पान: विद्यार्थी गटाच्या प्रकल्प-वेळापत्रकाचे प्रकरण

कोल्हापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षातील चार विद्यार्थ्यांच्या गटाची मी २०२४-२५ या वर्षी मार्गदर्शक होते. गुऱ्हाळावरच्या काहिलीतील रसाचे तापमान सतत मोजून ते लांबूनही वाचता येईल अशा मोठ्या आकड्यांत दाखवणारे यंत्र बनवणे हा त्यांचा प्रकल्प होता. गूळ उतरवण्याची वेळ सुमारे ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास येते. गुळव्या ती नजरेने आणि बोटांनी ओळखतो, आणि यंत्राचे वाचन त्याच्या अंदाजाशी ताडून पाहायचे होते. येथे मात्र मला यंत्राबद्दल लिहायचे नाही. प्रकल्पाच्या फाइलमध्ये लावायचा आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवर चिकटवायचा जो वेळापत्रकाचा तक्ता, म्हणजे गँट चार्ट, या गटाने तयार केला, तो आधी कसा फसला आणि मग कसा उभा राहिला, याची ही नोंद आहे.

अमेरिकन अभियंता हेन्री गँट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तक्त्याची कल्पना साधी आहे. डावीकडे कामांची नावे खाली खाली लिहायची, वरच्या बाजूला तारखा आडव्या मांडायच्या आणि प्रत्येक काम जेवढे दिवस चालणार तेवढ्या लांबीची पट्टी त्याच्या ओळीत काढायची. ज्या गोष्टीला कालावधी नसतो, फक्त तारीख असते, ती पट्टीने न दाखवता चौकोनी हिऱ्याच्या खुणेने दाखवायची. त्या खुणेला आपण मैलाचा दगड म्हणतो आणि विद्यार्थी सरळ माइलस्टोन म्हणतात.

गटाने ऑगस्टच्या शेवटी मला दाखवलेला पहिला तक्ता एक्सेलमध्ये केलेला होता आणि संगणकाच्या पडद्यावर तो खरोखर देखणा होता. २ सप्टेंबर २०२४ ते ३० मार्च २०२५ असे २१० दिवस, प्रत्येक दिवसाला एक रकाना, खाली ४१ कामे आणि चौघांसाठी चार रंग, अशी त्याची मांडणी होती. माउसने उजवीकडे सरकत गेले की सगळे नीट वाचता येत होते. त्याची प्रत काढण्यासाठी विद्यार्थ्यांनी छपाईच्या पर्यायांत संपूर्ण तक्ता एका पानावर बसवण्याची सूचना दिली, आणि हातात आलेल्या ए-४ कागदावर रंगीत ठिपक्यांचा एक पट्टा उमटला. कामाचे एकही नाव वाचता येत नव्हते.

असे का झाले, हे मी त्यांना कागदावरच हिशेब करून शोधायला सांगितले. आडवे ठेवलेले ए-४ पान २९७ मिलिमीटर रुंद असते. दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटर समास सोडला की २६७ मिलिमीटर उरतात. त्यांच्या तक्त्यात एका दिवसाचा रकाना सुमारे ५ मिलिमीटर होता, म्हणजे २१० रकान्यांना १,०५० मिलिमीटर आणि नावांच्या रकान्यांना आणखी ९० मिलिमीटर लागत होते. १,१४० मिलिमीटरचा तक्ता २६७ मिलिमीटरमध्ये बसवायचा तर एक्सेलला तो सुमारे २३ टक्क्यांवर आणावा लागतो, आणि त्याबरोबर ११ पॉइंटचे अक्षर अडीच पॉइंटचे होते. छापील मराठीत ८ पॉइंटच्या खाली गेले की काना, मात्रा आणि रफार एकमेकांत मिसळू लागतात. अडीच पॉइंट ही वाचण्याची अक्षरे नव्हेतच. एक्सेलने काहीच चुकवले नव्हते. जे मागितले तेच त्याने दिले होते.

म्हणून आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. आधी कागद ठरवला, मग अक्षराचा आकार आणि सर्वांत शेवटी काळाचे माप. अक्षर ९ पॉइंटचे ठेवायचे आणि छपाई १०० टक्क्यांवरच करायची, हे दोन निर्णय पक्के केले. २६७ मिलिमीटरपैकी कामाच्या नावाला ५८, जबाबदार विद्यार्थ्याच्या आद्याक्षराला ९ आणि सुरुवात व शेवट या दोन तारखांना १०-१० मिलिमीटर दिले, म्हणजे ८७ मिलिमीटर गेले आणि काळासाठी १८० मिलिमीटर राहिले. १८० मिलिमीटरमध्ये २१० दिवस बसवायचे तर एका दिवसाला एक मिलिमीटरही मिळत नाही आणि तेवढ्या जागेत तारीख लिहिता येत नाही. तेच २१० दिवस म्हणजे बरोबर ३० आठवडे होतात आणि एका आठवड्याला ६ मिलिमीटर येतात. सोमवारची तारीख दोन अंकांत लिहायला एवढी जागा पुरते. आठवडा हे माप आम्ही आवडीने निवडले नाही, ते कागदातून निघाले. प्रकल्प पाच आठवड्यांचा असता तर दिवसाचा रकाना करणेही शक्य झाले असते.

एक्सेलमध्ये रकान्याची रुंदी एरवी मिलिमीटरमध्ये देता येत नाही. ती अक्षरांच्या संख्येत मोजली जाते आणि फॉन्ट बदलला की तिचा अर्थही बदलतो. मात्र `View` मधून `Page Layout` हे दृश्य निवडले की तीच रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहिता येते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. त्या दृश्यात तीसही रकाने एकदम निवडून ०.६ सेंटिमीटर लिहिले आणि रुंदीचा प्रश्न तेवढ्यावर मिटला.

रकाने आठवड्यांचे झाल्यावर एक चूक वर आली, आणि या सगळ्या कामात सर्वांत जास्त शिकवून गेली ती हीच. पट्ट्या हाताने रंगवलेल्या नव्हत्या. कामाची सुरुवात `C` रकान्यात, शेवट `D` रकान्यात आणि चौथ्या ओळीत प्रत्येक रकान्याची तारीख, अशी रचना होती, आणि तारीख दोन्हींच्या मध्ये आली की चौकट रंगावी असा नियम `Conditional Formatting` मध्ये लिहिलेला होता. मूळ नियम असा होता:

```
=AND(E$4>=$C5,E$4<=$D5)
```

प्रत्येक रकाना एका दिवसाचा असताना हा नियम बरोबर होता. आठवड्याच्या तक्त्यात मात्र चौथ्या ओळीत फक्त सोमवार उरले. नियम प्रत्येक चौकटीत एवढेच विचारतो की हा सोमवार कामाच्या काळात येतो का. बुधवार, २५ सप्टेंबरला सुरू होणाऱ्या भागांच्या खरेदीची पट्टी त्यामुळे एक आठवडा उशिरा, ३० सप्टेंबरच्या चौकटीपासून उमटली. त्याहून वाईट गोष्ट सर्किटच्या तपासणीची झाली. ती मंगळवार, ८ ऑक्टोबर ते शुक्रवार, ११ ऑक्टोबर अशी होती. या चार दिवसांत एकही सोमवार नाही, म्हणून त्या ओळीत एकही चौकट रंगली नाही. एक्सेलने चूक झाल्याचा कोणताही इशारा दिला नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळे सुरळीत होते. गटातील एका विद्यार्थिनीने ओळीवर बोट ठेवून विचारले, “मॅडम, हिच्यात तारखा आहेत, मग पट्टी कुठे गेली?” ही चूक ओळखण्याची पद्धत हीच आहे: तारखा असलेली प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालायची आणि पट्टी जिथे सुरू होते त्या आठवड्यात सुरुवातीची तारीख खरोखर पडते का, हे पाहायचे.

विचारायचा प्रश्न वेगळा होता. सोमवार कामात येतो का, असे विचारण्याऐवजी सोमवार ते रविवार हे सात दिवस आणि कामाचे दिवस कुठे तरी एकमेकांना भिडतात का, हे विचारायला हवे होते. काम रविवारपर्यंत सुरू झालेले असावे आणि सोमवारच्या आधी संपलेले नसावे, एवढ्या दोन अटी त्यासाठी पुरतात:

```
=AND($C5<>"",$C5<=E$4+6,$D5>=E$4)
```

यातील पहिली अट मैलाच्या दगडांसाठी घालावी लागली. त्यांना सुरुवातीची तारीख नसते, म्हणून `C` रकाना कोरा ठेवायचा असे आम्ही ठरवले होते. पण कोरी चौकट एक्सेल तुलना करताना शून्य धरते आणि शून्य कोणत्याही तारखेपेक्षा लहान असते. त्यामुळे ही अट घालण्यापूर्वी अहवाल सादर करण्याच्या ओळीत सप्टेंबरपासून मार्चपर्यंत सलग पट्टी उमटली होती. हिऱ्याची खूण रंगाने न काढता अक्षर म्हणून चौकटीत लिहिली, आणि त्यासाठी `E5` पासून `AH20` पर्यंतच्या चौकटींत हे सूत्र भरले:

```
=IF(AND($C5="",$D5>=E$4,$D5<=E$4+6),"◆","")
```

आठवड्याच्या मापाला एक मर्यादा आहे, आणि ती मी विद्यार्थ्यांना आधीच सांगितली. एका दिवसाचे कामही आता सहा मिलिमीटरची पूर्ण चौकट व्यापते, आणि एक काम बुधवारी संपून दुसरे गुरुवारी सुरू झाले तरी त्या आठवड्यात दोन्ही पट्ट्या एकमेकींवर आलेल्या दिसतात. ६ मिलिमीटरच्या चौकटीला याहून बारीक बोलता येत नाही. खऱ्या तारखा डावीकडच्या दोन रकान्यांत छापल्या त्या याचसाठी. काहींनी ते रकाने लपवून जागा वाचवायची सूचना केली होती. मी ती मानली नाही.

तारखांवरून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गटातील एका संगणकावर तारखेची पद्धत अमेरिकन होती. त्यावर कोणी १६/०९/२०२४ असे टाइप केले की सोळावा महिना नसल्याने ती नोंद तारीख न होता नुसता मजकूर राहत असे, आणि ०४/११/२०२४ टाइप केले की तीच ४ नोव्हेंबरऐवजी ११ एप्रिल बनत असे. पहिली चूक ओळखता येते, कारण मजकूर चौकटीत डावीकडे चिकटतो आणि तारीख उजवीकडे. दुसरी नुसती पाहून ओळखता येत नाही. तेव्हापासून सर्वांनी वर्ष-महिना-दिवस या क्रमानेच, म्हणजे `2024-11-04` असे टाइप करायचे ठरले. चौकटीत दिसताना ती दिवस आणि महिना अशीच दिसते.

रुंदीनंतर उंचीचा प्रश्न आला. आडव्या पानाची उंची २१० मिलिमीटर असते, पण ती सगळी मिळत नाही. अहवाल डाव्या बाजूने बांधला जातो आणि त्यातील आडवे पान अशा रीतीने लावायचे असते की पुस्तक उजवीकडे वळवून वाचता यावे. तेव्हा त्या पानाची वरची कड बांधणीत जाते. म्हणून वर ३५ मिलिमीटर आणि खाली १५ मिलिमीटर समास सोडला. आदल्या वर्षीच्या एका अहवालात हा विचार न झाल्याने तक्त्याचे शीर्षक आणि महिन्यांची ओळ स्पायरलच्या भोकांत गेलेली मी पाहिली होती. उरलेल्या १६० मिलिमीटरमधून शीर्षक, महिने-तारखांच्या ओळी आणि खुणांची सूची यांचे ३२ मिलिमीटर वजा केले की कामांसाठी १२८ मिलिमीटर राहतात. ४१ कामे त्यात कोंबली तर एका ओळीला जेमतेम ३.१ मिलिमीटर येतात आणि ९ पॉइंटचे मराठी अक्षर वेलांटी-उकारांसकट तेवढ्यात मावत नाही. १६ ओळी ठेवल्या तर प्रत्येकीला ८ मिलिमीटर मिळतात.

एक्केचाळीसमधून सोळावर येताना गटात बराच वाद झाला. रेझिस्टर आणणे, सोल्डरिंग, कोड लिहिणे, कोड तपासणे अशी बारीक कामे काढून टाकायला कोणी तयार होईना, कारण प्रत्येक ओळीमागे कोणा एकाचे कष्ट होते. मी त्यांना विचारले की हे काम चार दिवस लांबले तर गटाबाहेरच्या कोणाला, म्हणजे मला, परीक्षकांना किंवा गुऱ्हाळाच्या मालकांना, काही वेगळे करावे लागेल का. ज्या कामांचे उत्तर ‘नाही’ आले ती गटाच्या वहीत गेली, आणि तक्त्यावर आठ कामे उरली.

मैलाच्या दगडांच्या बाबतीत कस आणखी कडक लावला. पहिल्या तक्त्यात ‘चाचणी’ आणि ‘अहवालाचे काम’ यांनाही हिऱ्याची खूण दिलेली होती. चाचणी चार आठवडे चालणार असेल तर ती पट्टी आहे. मैलाचा दगड अशी गोष्ट असते जिच्याबद्दल त्या दिवशी संध्याकाळी ‘झाले’ किंवा ‘झाले नाही’ एवढेच उत्तर देता येते. त्या अर्थाने पाचच उरले: १३ सप्टेंबरला प्रस्तावाची मंजुरी, ११ ऑक्टोबरला पहिला आढावा, २२ नोव्हेंबरला यंत्र तयार, २४ जानेवारीला दुसरा आढावा आणि २१ मार्चला अहवाल सादर. ‘यंत्र तयार’ यातही संदिग्धता होती, म्हणून छापताना त्या ओळीत ‘यंत्र तयार: सलग दोन तास वाचन देते’ असे लिहिले. हे पाच दगड तळाशी एकत्र रचले नाहीत. प्रत्येक दगड ज्या कामांवर उभा आहे त्या कामांच्या लगेच खालच्या ओळीत ठेवला, म्हणजे पट्ट्या पायऱ्यांसारख्या उजवीकडे उतरत जातात आणि मध्ये मध्ये हिरा येतो.

सोळा ओळींतील आठ कामे आणि पाच दगड सांगून झाले. उरलेल्या तीन ओळी गटाच्या कामाच्या नाहीतच, आणि माझ्या मते त्यांनीच हा तक्ता उपयोगाचा केला.

त्याचे कारण असे घडले. शनिवार, ३१ ऑगस्टला आम्ही करवीर तालुक्यातील ज्या गुऱ्हाळावर चाचणी करायची होती ते पाहायला गेलो. हंगाम नसल्याने चुलवाण थंड होते आणि काहील पालथी घालून ठेवलेली होती. गटप्रमुखाने मालकांसमोर मोठ्या उत्साहाने पहिला तक्ता उघडला आणि चाचणीची पट्टी दाखवली. ती १७ फेब्रुवारी ते १५ मार्च अशी चार आठवड्यांची होती. मालकांनी तारखा नीट ऐकून घेतल्या आणि म्हणाले, “बाळांनो, फेब्रुवारी सरला की आमचं बंद हुतंय. ऊसच ऱ्हात न्हाई. मग त्ये यंत्र काय पाण्यात घालणार?” त्या चार आठवड्यांपैकी पहिले दोनच हंगामात पडत होते. तापलेला रस, वर येणारी वाफ आणि चिपाडाच्या जाळाची धग हे सगळे प्रयोगशाळेत उभे करता येत नाही. तेव्हा हंगाम हुकला असता तर प्रकल्पाचा निष्कर्ष भागच कोरा राहिला असता.

चूक विद्यार्थ्यांच्या मेहनतीत नव्हती, तक्त्याच्या समजुतीत होती. त्यांनी फक्त स्वतःची कामे काढली होती. ती कामे ज्या वेळेच्या चौकटीत करता येतात ती चौकट काढलीच नव्हती. आम्ही नव्या तक्त्यात सर्वांत वरच्या तीन ओळींत दिवाळीची सुट्टी २८ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर, परीक्षा २५ नोव्हेंबर ते १३ डिसेंबर आणि गुऱ्हाळ चालू ११ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी अशा पट्ट्या घातल्या. त्या छापल्याबरोबर पुढचा निर्णय जवळजवळ आपोआप झाला. परीक्षा संपल्यावर १६ डिसेंबरपासून गुऱ्हाळ बंद होईपर्यंत अकराच आठवडे हाती होते, आणि कागदावर ते ६६ मिलिमीटर दिसत होते. त्यातील पाच आठवडे चाचणीला, म्हणजे १६ डिसेंबर ते १८ जानेवारी, आणि चार आठवडे दुरुस्ती व फेरचाचणीला, म्हणजे २० जानेवारी ते १५ फेब्रुवारी, असे दिले. शेवटचे दोन आठवडे मुद्दाम मोकळे सोडले. या मोकळ्या जागेला नाव द्यावे की नाही यावर चर्चा झाली. मी ती कोरीच ठेवायला लावली, कारण वर गुऱ्हाळाची पट्टी चालू असताना खाली पांढरी दिसणारी जागा पाहताक्षणी समजते.

फेरचाचणी चाचणीवर अवलंबून आहे, हे बाणाने दाखवण्याची सोय चौकटींच्या तक्त्यात नसते. तो संबंध आम्ही तारखेतच बांधला. चाचणी सोळाव्या ओळीत आणि फेरचाचणी अठराव्या ओळीत होती, म्हणून `C18` मध्ये तारीख हाताने न लिहिता हे सूत्र लिहिले:

```
=WORKDAY.INTL(D16,1,"0000001")
```

सात अंकांची ती मालिका सोमवारपासून रविवारपर्यंतचे दिवस सांगते आणि १ म्हणजे सुट्टी. शनिवारी काम करायचे होते, म्हणून फक्त रविवार वगळला. १८ जानेवारीला शनिवार असल्याने उत्तर सोमवार, २० जानेवारी असे येते. चाचणी लांबली तर फेरचाचणीची सुरुवात आपोआप पुढे सरकते. शेवटची तारीख मात्र हातानेच बदलावी लागते, हे विसरता कामा नये.

आता रंगांविषयी. अहवालाच्या पाच प्रती काढायच्या होत्या आणि त्या सगळ्या काळ्या-पांढऱ्या निघणार होत्या. पहिल्या तक्त्यातील नारिंगी आणि हिरवा करड्या छटेत आले की एकसारखेच दिसत, त्यामुळे काम कोणाचे हे कळत नसे. रंगांचे काम आद्याक्षरांच्या रकान्याला दिले आणि पट्ट्यांसाठी दोनच पोत ठेवले. गटाच्या कामांना गडद करडा आणि वरच्या तीन ओळींना तिरप्या रेघांचा पोत, त्याभोवती बारीक काळी कड. फिकट करडा वापरून पाहिला होता, पण झेरॉक्सच्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स निघाली की तो एक तर उडून जातो किंवा डागाळतो. रेघांचा पोत टिकतो. तीस उभ्या रेषांपैकी महिन्याच्या सीमेवरच्या तेवढ्या जाड केल्या आणि बाकीच्या ठिपक्यांच्या ठेवल्या.

आणि तरीही पहिली छापील प्रत हातात आली तेव्हा तिच्यावर एकही पट्टी नव्हती. नावे होती, तारखा होत्या, पाचही हिरे जागच्या जागी होते, पण पट्ट्यांच्या जागी पांढऱ्या चौकटी होत्या. राजारामपुरीतील एका दुकानात मुले प्रत घेऊन उभी होती आणि प्रिंटरची शाई संपली असावी असेच सर्वांना वाटले. शाई संपली असती तर अक्षरेही फिकी आली असती, ती मात्र ठळक होती. कारण फाइलमध्येच होते. रंगीत छपाईचा खर्च वाचावा म्हणून एकाने `Page Setup` मधील `Sheet` या भागात `Black and white` या चौकटीवर खूण केली होती. नावावरून वाटते की त्यामुळे रंग करडे होऊन छापले जातील, पण एक्सेल त्या पर्यायात चौकटींचे रंगभरण छापतच नाही आणि फक्त अक्षरे व रेषा काळ्या छापतो. हिरे वाचले, कारण ते रंग नव्हते, अक्षरे होती. ती खूण काढली आणि काळी-पांढरी छपाई प्रिंटरच्या स्वतःच्या पर्यायातून घेतली, तेव्हा पट्ट्या आल्या. छापण्यापूर्वी प्रिंट प्रिव्ह्यू पाहिला असता तर दुकानापर्यंत जाण्याची वेळच आली नसती.

दुकानात फाइल एक्सेलची न नेता पीडीएफ करून न्यायची, हा नियम तेव्हापासून झाला. दुसऱ्याच्या संगणकावर आपला मराठी फॉन्ट नसला की रकान्यांच्या रुंदी बदलतात आणि तक्ता दुसऱ्या पानावर सांडतो. पीडीएफ छापतानाही पान कागदात बसवण्याचा पर्याय बंद करून मूळ आकारातच छापायला सांगावे लागते. माप बरोबर आले की नाही हे पाहायला मोजपट्टी पुरते: सप्टेंबरचे पाच रकाने मोजले की ३० मिलिमीटर भरले पाहिजेत. दुसऱ्या प्रतीत ते २९ भरले, म्हणजे कुठे तरी ३ टक्के आकसलेले होते. तिसरी प्रत बरोबर आली.

भिंतीसाठी वेगळा तक्ता केला नाही. ए-३ कागद ए-४ च्या दुप्पट क्षेत्रफळाचा आणि त्याच प्रमाणाचा असतो, त्यामुळे तेच पान १४१ टक्क्यांवर मोठे केले की आठवड्याची चौकट साडेआठ मिलिमीटरची आणि अक्षर जवळपास पावणेतेरा पॉइंटचे होते. उलट केले, म्हणजे ए-३ वर ९ पॉइंटने आखून ए-४ वर आणले, तर अक्षर साडेसहा पॉइंटच्या खाली जाते. म्हणून दोन्ही आकार लागणार असतील तेव्हा आखणी लहान कागदावर करावी.

भिंतीवरच्या ए-३ प्रतीवर गटातील एक जण दर शनिवारी झालेल्या कामाची पेन्सिलीने रेघ मारत असे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात यंत्राच्या पेटीत वाफ शिरली, पडद्याच्या आत पाण्याचे थेंब जमले आणि वाचन थांबले. पेटीची झाकणे रबराची पट्टी लावून पुन्हा बसवावी लागली. चाचणी ठरल्या दिवशी संपली नाही, आणि फेरचाचणीची रेघ १५ फेब्रुवारीवर न थांबता पुढच्या, मोकळ्या सोडलेल्या चौकटीत शिरली. ती २२ फेब्रुवारीला संपली. त्या दिवशी काहिलीवर गुळव्याने हात वर केला तेव्हा पडद्यावर ११८ हा आकडा होता. भिंतीवरच्या तक्त्यात मोकळ्या दोन चौकटींपैकी १७ फेब्रुवारीची पेन्सिलीने भरलेली होती आणि २४ फेब्रुवारीची कोरी होती.